एसओपी लिहिताना: शब्दशः भाषांतर आणि अलंकारिक इंग्रजी कसं टाळावं

परदेशात मास्टर्ससाठी अर्ज करायचा, तर ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणजे एसओपी लिहावा लागतो. घरात मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचे पहिले खर्डे वाचताना दोन दोष जवळजवळ प्रत्येक वेळी सोबत दिसतात. एका वाक्यात मराठी शब्द जसाच्या तसा इंग्रजीत उतरलेला असतो आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘एस्टीम्ड’, ‘प्लेथोरा’, ‘इमेन्स’ अशी भारी शब्दांची आरास असते. पहिला दोष इंग्रजी कच्चं असल्याचा आणि दुसरा इंग्रजी जास्त झाल्याचा, असं वाटतं. मला मात्र दोन्हींचं मूळ एकच दिसतं. जे सांगायचं ती घटना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्पष्ट नसते, म्हणून हात तयार वाक्याकडे जातो. ते तयार वाक्य कधी मराठीतून येतं, कधी इंग्रजीतून. त्यामुळे व्याकरण सुधारत बसून या निबंधाचं काम होत नाही. आधी घटना शोधावी लागते आणि भाषा त्यानंतर हाती घ्यावी लागते.

हे एका उदाहरणावर करून बघू. समजा, सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातली एक विद्यार्थिनी सिव्हिल इंजिनिअरिंग करून जलसंपत्ती विषयातल्या मास्टर्ससाठी अमेरिकेत अर्ज करते आहे. तिच्या खर्ड्यातला परिच्छेद असा. तो मी या लेखासाठी रचला आहे, पण यातलं प्रत्येक वाक्य अशा खर्ड्यांतून पुन्हा पुन्हा भेटतं:

‘सिन्स माय चाइल्डहूड आय वॉज हॅविंग कीन इंटरेस्ट इन ॲग्रिकल्चर, ॲज आय बिलाँग टू अ फार्मर फॅमिली ऑफ ड्रॉट-प्रोन रीजन. माय फादर मेड वॉटर ऑफ हिज ब्लड टू गिव्ह मी एज्युकेशन. इन फायनल इयर, अ प्रोजेक्ट वॉज डन बाय अस ऑन स्मार्ट इरिगेशन अंडर द एबल गायडन्स ऑफ अवर रिस्पेक्टेड गाइड सर. थ्रू धिस प्रोजेक्ट आय गेन्ड इमेन्स नॉलेज अँड अ प्लेथोरा ऑफ एक्स्पीरियन्स. नाऊ आय विश टू क्वेंच माय थर्स्ट फॉर नॉलेज ॲट युवर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी.’

पाच वाक्यं झाली. ही मुलगी कोण, तिने काय केलं आणि तिला काय शिकायचं आहे, यातलं वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नाही.

पहिली पायरी: आधी मराठीत, पण तोंडी

‘मराठीत विचार करू नका, थेट इंग्रजीत विचार करा’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो मला पटत नाही. ज्या भाषेत आपण आठवणी साठवल्या, त्याच भाषेत त्या नीट बाहेर येतात. अडचण मराठीत विचार करण्याची नाही. आपण लेखी मराठीत विचार करतो, म्हणजे शाळेतल्या निबंधाच्या आणि अर्जाच्या मराठीत, आणि अडचण तिथे आहे. त्या मराठीत वडील ‘रक्ताचं पाणी’ करतात, आई ‘पोटाला चिमटा’ काढते आणि आपण ‘खारीचा वाटा’ उचलतो. घरी भावाशी बोलताना यातलं काहीच आपल्या तोंडी येत नाही.

म्हणून सुरुवातीला लिहू नका, बोला. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि वेगळ्या शाखेतल्या मित्राला सांगतोय असं समजून आपल्या प्रोजेक्टबद्दल दहा मिनिटं बोला. मग ऐकून कागदावर फक्त वस्तुस्थिती उतरवा. पूर्ण वाक्यं नकोत, तुकडेच हवेत. या मुलीचा कागद असा होईल: दोन एकर द्राक्षबाग. २०१९ च्या उन्हाळ्यात बोअर आटली. पप्पांनी टँकर विकत घेऊन बाग जगवली. प्रोजेक्टमध्ये आम्ही चौघं, ड्रिप आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर. माझ्याकडे जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर. काळ्या मातीत आकडे चुकायला लागले. पाणी देऊन तीनच दिवस झाले, तर सेन्सर म्हणतोय जमीन जवळजवळ कोरडी. मातीचे नमुने लॅबच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास ठेवून वाळवले, आधीचं आणि नंतरचं वजन केलं. ओलावा भरपूर निघाला. म्हणजे सेन्सर चुकतोय. कारण, काळी माती सुकताना आकसते, भेगा पडतात, सेन्सरच्या दांड्यांभोवती हवेची पोकळी राहते.

मूळ परिच्छेदात यातलं एक अक्षरही नव्हतं, आणि या मुलीचा एसओपी खरा तर इथेच आहे. तिला कळलं की बाजारातला सेन्सर आपल्या मातीत चालत नाही, आणि ते तिने स्वतः वजनकाट्यावर तपासलं. प्रवेश समितीतल्या प्राध्यापकाला एवढं वाचलं तरी पुढचं वाचावंसं वाटेल.

बोलताना तुमच्याकडे असं काहीच निघालं नाही, तर तिथेच थांबा. दुसरा प्रोजेक्ट, दुसरी इंटर्नशिप, दुसरा प्रसंग शोधा. पाया नसेल तर पुढच्या पायऱ्यांचा उपयोग नाही.

दुसरी पायरी: तुकड्यांवरून इंग्रजी वाक्य

मराठी वाक्य समोर ठेवून त्याचं इंग्रजी करायला गेलं की मराठीची बांधणी आपोआप उतरते. तुकडे समोर ठेवले की उतरवायला बांधणीच नसते. प्रत्येक तुकड्यासाठी स्वतःला विचारायचं, कुणी केलं? काय केलं? आणि त्याच क्रमाने लिहायचं. आधी करणारा, मग क्रियापद, मग उरलेलं.

‘माझ्याकडे सेन्सर’ या तुकड्याचं होतं, ‘माय जॉब वॉज द सॉइल सेन्सर्स’. ‘ओव्हनमध्ये वाळवले’ याचं होतं, ‘आय ड्राइड सॉइल सॅम्पल्स इन ॲन ओव्हन ॲट १०५ डिग्रीज सेल्सिअस’. साधी शाळकरी वाक्यं वाटतात ना? वाटू द्या. पहिल्या खर्ड्यात ती तशीच हवीत. वाक्यं जोडण्याचं, लांब-आखूड करण्याचं काम नंतर होतं. तेव्हा ते सोपंही जातं, कारण प्रत्येक वाक्यात काहीतरी घडलेलं असतं.

तिसरी पायरी: वाक्याखालची मराठी ओळखणं

एवढं करूनही मराठी झिरपतेच. ती ठरलेल्या ठिकाणांहून झिरपते, त्यामुळे शोधायची कुठे हे माहीत असलं की तासाभरात सापडते.

सर्वांत आधी क्रियापदं बघा. मराठीत आपण नामाला ‘घेणे’, ‘देणे’, ‘करणे’ जोडून असंख्य क्रिया सांगतो. शिक्षण घेतो, अनुभव घेतो, परीक्षा देतो, प्रयत्न करतो. तीच जोडी इंग्रजीत गेली की ‘टुक एज्युकेशन’, ‘टुक एक्स्पीरियन्स’, ‘गेव्ह द एक्झाम’, ‘डिड एफर्ट्स’ तयार होतं. परीक्षा देणाऱ्यासाठी अमेरिकेत ‘टुक द एक्झाम’ म्हणतात. तिथे परीक्षा ‘गिव्ह’ करणारा म्हणजे परीक्षा घेणारा शिक्षक, त्यामुळे अर्थ चक्क उलटा होतो. एकेक चूक पाठ करण्यापेक्षा खर्ड्यातल्या प्रत्येक ‘टेक’, ‘गिव्ह’, ‘डू’, ‘मेक’ आणि ‘हॅव’खाली रेघ मारा. प्रत्येकाला विचारा, एकाच क्रियापदात हे सांगता येतं का? ‘डिड ॲनालिसिस’ऐवजी ‘ॲनालाइज्ड’, ‘मेड मेजरमेंट्स’ऐवजी ‘मेजर्ड’. बहुतेक ठिकाणी येतं.

त्यानंतर कर्ता. मराठीत अहवाल लिहिताना ‘अभ्यास करण्यात आला’, ‘निरीक्षणे नोंदवण्यात आली’ असं लिहायची आपल्याला सवय असते. स्वतःचं नाव पुढे न करण्यात एक सभ्यताही असते, म्हणून ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ येतो. एसओपीत ही सभ्यता अंगलट येते. ‘अ प्रोजेक्ट वॉज डन बाय अस’ वाचून समितीला कळत नाही की चौघांपैकी या मुलीने काय केलं. तिने काहीच केलं नसेल, अशीही शंका येऊ शकते. गटाने काय केलं ते ‘वी’ म्हणून एका वाक्यात सांगा आणि पुढच्याच वाक्यात आपला वाटा ‘आय’ म्हणून सांगा. ‘फोर ऑफ अस बिल्ट अ ड्रिप कंट्रोलर, माय जॉब वॉज द सॉइल सेन्सर्स.’ एवढ्याने गटाचा मानही राहतो आणि आपलं कामही दिसतं.

कर्त्याचाच आणखी एक प्रकार आहे. मराठीत आवड, कुतूहल, आकर्षण आपल्यात ‘निर्माण होतं’. ‘मला शेतीची आवड निर्माण झाली.’ याचं इंग्रजी ‘इंटरेस्ट गॉट क्रिएटेड इन मी’ किंवा ‘आय डेव्हलप्ड अ कीन इंटरेस्ट’ होतं. दुसरं व्याकरणाने बरोबर असूनही पोकळच आहे. आवड सांगून कुणाला पटत नाही. आवडीपोटी तुम्ही काय केलंत ते लिहा, आवड वाचणाऱ्याला आपोआप कळेल. ओव्हनमध्ये माती वाळवणारी मुलगी मला या विषयाची आवड आहे असं म्हणाली नाही तरी चालतं.

तिसरी जागा वाक्याच्या सुरुवातीला असते. मराठीत ‘असल्यामुळे’, ‘असल्याने’, ‘करून’, ‘घेऊन’ अशी साखळी लावत वाक्य लांबवता येतं आणि ते कानाला गोडही लागतं. इंग्रजीत त्याचं ‘बीइंग अ फार्मर्स डॉटर…’, ‘बिलाँगिंग टू अ ड्रॉट-प्रोन एरिया…’, ‘हॅविंग कम्प्लीटेड माय डिग्री…’ होतं. एखाद्या वेळी चालतं. प्रत्येक परिच्छेद तसाच सुरू झाला की वाचणारा थकतो. साखळी तोडून दोन वाक्यं करा. ‘माय पेरेंट्स ग्रो ग्रेप्स’ इथे पूर्णविराम द्या आणि पुढचं वाक्य नव्याने सुरू करा.

लहान शब्दांतली मराठी पटकन दिसत नाही. आपला ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’ किंवा ‘इटसेल्फ’ होऊन बसतो. ‘शाळेतच ठरवलं’ याचं ‘इन स्कूल ओन्ली आय डिसायडेड’ होतं. ‘ओन्ली’, ‘इटसेल्फ’, ‘ऑल्सो’ आणि ‘लाइक धॅट’ खर्ड्यात शोधा. बहुतेक नुसते खोडले तरी वाक्याचं काही बिघडत नाही. ‘२०२१ पासून काम करतोय’ याचं ‘आय ॲम वर्किंग सिन्स २०२१’ होतं, तिथे ‘आय हॅव बीन वर्किंग सिन्स २०२१’ हवं. ‘हॅविंग’, ‘नोइंग’, ‘वॉन्टिंग’ अशी ‘आहे’ला चिकटलेली रूपंही तपासा. ‘वॉज हॅविंग’ ऐवजी नुसतं ‘हॅड’ पुरतं.

‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांच्या चुकांवर मात्र रात्री घालवू नका. मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे त्या होतात. इंग्रजी चांगलं असणाऱ्या कुणाकडून शेवटी एकदा तपासून घेतल्या की झालं. आशय नीट असेल तर सुटलेला एखादा ‘द’ वाचणाऱ्याला अडवत नाही.

वाक्प्रचार आणि आपल्याकडचे शब्द

वाक्प्रचाराचं इंग्रजी करू नका, हे सगळे सांगतात. त्याच्या जागी काय लिहायचं, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. पुष्कळजण मग इंग्रजी वाक्प्रचार शोधतात. ‘रक्ताचं पाणी’ जाऊन ‘ब्लड, स्वेट अँड टीअर्स’ येतं. हे मूळ चुकीइतकंच वाईट आहे, कारण वडिलांनी काय केलं ते अजूनही कळलेलं नाही. वाक्प्रचार म्हणजे घटना झाकणारं झाकण, ते उचला. रक्ताचं पाणी केलं म्हणजे काय केलं? ‘इन द समर ऑफ २०१९ अवर बोअरवेल फेल्ड, अँड माय फादर बॉट टँकर वॉटर टू कीप द व्हाइन्स अलाइव्ह.’ घरची परिस्थिती बेताची होती म्हणजे काय? पहिल्या वर्षाची फी भरायला म्हैस विकली असेल तर तेच लिहा. शनिवार-रविवारी दुकानात काम केलं असेल तर ते लिहा. आणि घरच्या परिस्थितीचा अर्जातल्या विषयाशी काही संबंध नसेल, तर तो भाग एसओपीत मुळीच नको. काही विद्यापीठं त्यासाठी ‘पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट’ वेगळं मागतात. तिथे ते शोभतं.

इथे दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. प्रत्येक मराठी शब्द काढून टाकायचा नसतो. ज्या वस्तूला किंवा पद्धतीला इंग्रजीत नेमकं नाव नाही, तिचं मराठी नाव ठेवा आणि पुढे चार-सहा शब्दांत ती काय आहे ते सांगा. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात तुम्ही वनराई बंधारा बांधला असेल तर लिहा, ‘अ वनराई बंधारा, अ टेम्पररी डॅम ऑफ सिमेंट बॅग्स फिल्ड विथ सँड’. कालव्यावरच्या शेजपाळीवर काम केलं असेल तर शेजपाळी हाच शब्द ठेवा आणि शेतकऱ्यांना आळीपाळीने पाणी देण्याची ती पद्धत आहे, असं एका उपवाक्यात सांगा. पाण्याचा अभ्यास करणारा प्राध्यापक तो शब्द आनंदाने वाचेल. ‘श्रमदान’ मात्र ‘डोनेशन ऑफ लेबर’ करून काहीच साधत नाही. तिथे ‘वी स्पेंट अ वीक डिगिंग काँटूर ट्रेंचेस ऑन द हिल अबव्ह द व्हिलेज’ लिहा.

सगळ्यात जास्त फसवतात ते आपल्याला इंग्रजी वाटणारे, पण फक्त आपल्याकडे चालणारे शब्द. ‘गॅदरिंग’ म्हणजे कॉलेजचं वार्षिक स्नेहसंमेलन हे महाराष्ट्राबाहेर कुणाला कळणार नाही, तिथे ‘ॲन्युअल कॉलेज फेस्टिव्हल’ लिहा. ‘एटीकेटी’ लिहू नका. तिसऱ्या सेमिस्टरला एका विषयात नापास झालो आणि पुढच्या वेळी पास झालो, असं सरळ लिहा. ‘पास्ड आउट इन २०२३’ अमेरिकन वाचकाला बेशुद्ध पडल्यासारखं वाटतं, ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. कुणी वारलं असेल तर ‘एक्स्पायर्ड’ नको, ‘डाइड’ हवं. ‘लाख’ आणि ‘क्रोर’ परदेशी वाचकासाठी बदलून लिहा. दोन लाख म्हणजे ‘२००,०००’, आणि कशाचे ते स्पष्ट करायला पुढे ‘रुपीज’. गुंठ्यांचे एकर करा, ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. जागेचं नाव एकदा सांगितल्यावर तिचा पत्ताही एकदा द्या. ‘सांगली’ एवढ्याने काही कळत नाही. ‘ड्राय ईस्टर्न पार्ट ऑफ सांगली डिस्ट्रिक्ट, इन वेस्टर्न इंडिया’ म्हटलं की पुरतं.

चौथी पायरी: भारी शब्द उतरवणं

अलंकारिक इंग्रजी आपल्याकडे कुठून आलं, हे कळलं की ते सोडणं सोपं जातं. शाळेत निबंधाला गुण मिळायचे ते सुविचार, म्हण आणि कल्पनाविलासासाठी. अर्ज लिहिताना ‘माननीय’, ‘आपल्या सुप्रसिद्ध संस्थेत’, ‘ही नम्र विनंती’ हे आलंच पाहिजे, नाहीतर अर्ज उद्धट वाटायचा. मराठी अर्जात आजही हे योग्य आहे. एसओपी मात्र नावाने अर्जाचा भाग असला, तरी त्यात विनंती नसते. तो वाचणारा प्राध्यापक पुढची दोन वर्षं हिला शिकवायचं का, कुणाच्या प्रयोगशाळेत बसवायचं, एवढं ठरवायला बसलेला असतो. त्याला आदर दाखवायचा असेल, तर त्याच्या विभागात नेमकं काय चालतं ते वाचून लिहा. ‘युवर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी’ लिहिल्याने एवढंच कळतं की हा निबंध दहा ठिकाणी पाठवला आहे.

मार्गदर्शकांच्या बाबतीतही तसंच. ‘अंडर द एबल गायडन्स ऑफ अवर रिस्पेक्टेड गाइड सर’ याच्या जागी प्राध्यापकांचं आडनाव लिहा, आधी फक्त ‘प्रोफेसर’ किंवा ‘डॉक्टर’. ‘सर’ आणि ‘मॅडम’ काढा. सरांनी खरंच मदत केली असेल तर कोणती, ते लिहा. ओव्हनमध्ये तपासून बघ हे त्यांनीच सुचवलं असेल, तर तसं एका वाक्यात सांगणं हा दहा विशेषणांपेक्षा मोठा मान आहे.

भारी शब्द शोधायला मी तीन खुणा वापरते.

पहिली खूण जोड्यांची. मराठीत ‘कष्टमेहनत’, ‘मानसन्मान’, ‘आवडनिवड’ असे जोडशब्द आपल्या तोंडी आहेत. इंग्रजीतही आपण तसंच करतो, ‘हार्ड वर्क अँड डेडिकेशन’, ‘सिन्सिअर अँड कमिटेड’, ‘नॉलेज अँड स्किल्स’. ‘अँड’च्या दोन्ही बाजूंना जवळपास तोच अर्थ असेल तर एक बाजू काढा. बऱ्याचदा दोन्ही काढता येतात.

दुसरी खूण अदलाबदलीची. वाक्य जसंच्या तसं उचलून मेकॅनिकलच्या, फार्मसीच्या किंवा एमबीएच्या अर्जात ठेवून बघा. तिथेही चपखल बसलं तर ते तुमचं नाही. ‘आय गेन्ड इमेन्स नॉलेज अँड अ प्लेथोरा ऑफ एक्स्पीरियन्स’ कुठेही बसतं. ‘इन धिस एरा ऑफ ग्लोबलायझेशन’ आणि ‘इंडिया इज ॲन ॲग्रिकल्चरल कंट्री’ही बसतं. अशी वाक्यं सुधारत बसू नका, काढून टाका. जागेचाही प्रश्न असतो. अनेक विद्यापीठं ५०० ते १,००० शब्दांत एसओपी मागतात. बारावीनंतर ब्रिटनला अर्ज करणाऱ्यांना यूसीएएसच्या पर्सनल स्टेटमेंटसाठी मोकळ्या जागा धरून ४,००० अक्षरंच मिळतात, आणि २०२६ च्या प्रवेशापासून ती तीन प्रश्नांत विभागलेली आहेत. अमेरिकेतल्या पदवीसाठी कॉमन ॲप निबंध ६५० शब्दांच्या पुढे जाऊ देत नाही. कुठेही बसणारं प्रत्येक वाक्य तुमच्या ओव्हनची आणि भेगांची जागा खातं.

तिसरी खूण मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटते. इंग्रजी वाक्य मनातल्या मनात परत मराठीत करा आणि ते धाकट्या भावाला म्हणून दाखवायची कल्पना करा. ‘मला आपल्या प्रतिष्ठित विद्यापीठात माझी ज्ञानतृष्णा भागवायची आहे.’ असं त्याच्यासमोर म्हणवेल का? नाही म्हणवलं तर वाक्य सजवलेलं आहे. याचीच उलट बाजू म्हणजे, वाक्य मराठीत शब्दाला शब्द लावून, त्याच क्रमाने, अगदी सहज परत आलं, तर ते बहुधा मराठीतूनच गेलं होतं. म्हणजे एका चाचणीत दोन्ही दोष सापडतात.

एक गोष्ट जपा. सोपं करायचं म्हणून विषयाच्या संज्ञा बदलू नका. ‘इव्हॅपोट्रान्सपिरेशन’ हा लांबलचक शब्द भारी नाही. जमिनीतून आणि पानांतून पाण्याची वाफ होण्याच्या क्रियेचं नावच ते आहे आणि वाचणारा त्याच विषयातला आहे. भारी शब्द तो, ज्याच्या जागी रोजचा शब्द ठेवला तरी अर्थ तसूभर बदलत नाही. ‘युटिलाइज’च्या जागी ‘यूज’, ‘कमेन्स’च्या जागी ‘स्टार्ट’, ‘प्लेथोरा ऑफ’च्या जागी ‘मेनी’, किंवा त्याहून चांगलं म्हणजे नेमका आकडा.

परिच्छेद पुन्हा लिहिल्यावर

आता ती मुलगी असं लिहील:

‘माय पेरेंट्स ग्रो ग्रेप्स ऑन टू एकर्स इन द ड्राय ईस्टर्न पार्ट ऑफ सांगली डिस्ट्रिक्ट, इन वेस्टर्न इंडिया. इन द समर ऑफ २०१९ अवर बोअरवेल फेल्ड, अँड माय फादर बॉट टँकर वॉटर टू कीप द व्हाइन्स अलाइव्ह. फॉर अवर फायनल-इयर प्रोजेक्ट, फोर ऑफ अस बिल्ट अ ड्रिप कंट्रोलर. माय जॉब वॉज द सॉइल सेन्सर्स. थ्री डेज आफ्टर वॉटरिंग, द सेन्सर्स रेड ऑलमोस्ट ड्राय. आय डिड नॉट बिलीव्ह देम, सो आय ड्राइड सॉइल सॅम्पल्स इन ॲन ओव्हन ॲट १०५ डिग्रीज सेल्सिअस अँड वेड देम बिफोर अँड आफ्टर. द सॉइल स्टिल हेल्ड प्लेंटी ऑफ वॉटर. अवर ब्लॅक क्ले श्रिंक्स ॲज इट ड्राइज, अँड इट हॅड पुल्ड अवे फ्रॉम द प्रोब्ज. आय वॉन्ट टू लर्न हाऊ टू मेजर वॉटर इन सॉइल्स धॅट स्वेल अँड श्रिंक.’

शेवटचं वाक्य बघा. ‘ज्ञानाची तहान’ जाऊन तिथे एक प्रश्न आला, जो मास्टर्समध्ये शिकता येईल आणि ज्यावर काम करणारा प्राध्यापक त्या विभागात शोधता येईल. पुढचा परिच्छेद आपोआप सुचतो. तिथे कोणती प्रयोगशाळा अशा मातीवर काम करते, कोणता कोर्स तिला हवा आहे, ते येईल. पहिल्या खर्ड्याच्या शेवटी पुढे काय लिहावं हा प्रश्न होता, कारण तिथे सांगायचं काही उरलंच नव्हतं.

‘आय डिड नॉट बिलीव्ह देम’ हे चार-पाच शब्दांचं वाक्य मी मुद्दाम ठेवलं. ते तिच्या बोलण्यातलं आहे. रेकॉर्डिंगमध्ये ती म्हणाली असती, ‘मला काही पटेना.’ असं एखादं वाक्य प्रत्येकाच्या बोलण्यात असतं. इंग्रजी सुधारण्याच्या नादात सर्वांत आधी तेच कापलं जातं. त्याला हात लावू देऊ नका.

पाचवी पायरी: दुसऱ्याकडून वाचून घेणं

वाचायला दोन माणसं शोधा, आणि त्यातला निदान एक मराठी न येणारा हवा. मराठी माणूस ‘गेव्ह द एक्झाम’ सहज ओलांडून जातो, कारण त्याच्या डोक्यात मागची मराठी आपोआप वाजते. हैदराबादचा किंवा चेन्नईचा वर्गमित्र भारतीय इंग्रजीतल्या चुका ओलांडेल, पण मराठीच्या चुकांवर अडखळेल. परदेशात शिकणारा सिनियर दोन्हींवर अडखळेल.

‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. ‘छान आहे’ एवढंच उत्तर येतं. निबंध एकदा वाचायला द्या, परत घ्या, आणि मग विचारा, मी प्रोजेक्टमध्ये काय केलं ते सांग. त्याला सांगता आलं नाही, तर चूक भाषेची नाही, घटना अजून झाकलेली आहे, आणि पुन्हा रेकॉर्डिंगपासून सुरुवात करावी लागेल. सांगता आलं, तर मग अडखळलेल्या जागांवर पेन्सिलने फक्त खूण करायला सांगा. दुरुस्ती त्याला करू देऊ नका. कन्सल्टन्सीत पैसे भरून निबंध लिहून घेणाऱ्यांच्या हाती अनेकदा तेच ‘पॅशनेट’ आणि ‘इनोव्हेटिव्ह’ असलेलं साच्यातलं इंग्रजी परत येतं, आणि मग इतकं करून काढलेली सजावट मागच्या दाराने आत येते. खूण त्याची असावी आणि नवं वाक्य तुमचं असावं.

खुणा आल्या की त्या प्रत्येक वाक्यापाशी इंग्रजी शब्द बदलत बसू नका. आधी तिथला मूळ तुकडा कागदावर शोधा. तुकडा असेल तर त्यावरून वाक्य नव्याने लिहा. तुकडा सापडलाच नाही, तर ते वाक्य खोडा आणि शब्दमर्यादेत मोकळी झालेली जागा तुमच्या ओव्हनला द्या.